ग्रीन कार्डची फाइल टाकलेली असताना आईचा व्हिजिटर व्हिसा : एक प्रकरण

हे प्रकरण कोथरूडच्या एका काकूंचं आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत. कायद्याचा भाग मात्र जसाच्या तसा आहे. काकू मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, वय ६४. यजमान जाऊन काही वर्षं झाली. मुलगा-सून-नात सिंहगड रस्त्याला राहतात. मुलगी न्यू जर्सीत, ती अमेरिकेची नागरिक झाली आणि लगेच तिने आईसाठी आय-१३० म्हणजे ग्रीन कार्डचं पिटिशन भरलं. विचार एवढाच की या गोष्टींना वेळ लागतो, फाइल टाकून तरी ठेवू. काही महिन्यांनी मुलीला दिवस गेले आणि आईने बाळंतपणाला यावं असं ठरलं. काकूंचा जुना दहा वर्षांचा बीटू म्हणजे व्हिजिटर व्हिसा २०२३ सालीच संपला होता, म्हणजे नव्याने अर्ज करणं आलं.

मी पुण्यात लोकांचे व्हिसाचे फॉर्म तपासून देते. काकू माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा डीएस-१६० फॉर्म एका एजंटने जवळजवळ पूर्ण भरला होता, फक्त सबमिट व्हायचा होता. मुलाला फॉर्म एकदा कुणाला तरी दाखवावासा वाटला म्हणून ते आले. फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो : तुमच्या वतीने कोणी, कधीही, अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे इमिग्रंट पिटिशन दाखल केलं आहे का? त्यापुढे एजंटने 'नाही' निवडलं होतं.

मुलाने एजंटला फोन लावून विचारलं. त्याचं म्हणणं असं की पिटिशन मुलीने भरलंय, काकूंनी नाही. काकूंची त्यावर सहीसुद्धा नाही, मग त्यांनी 'हो' कशाला म्हणायचं? यातला अर्धा भाग खरा आहे. आय-१३० वर सही अर्जदार मुलीची असते, आईची नसते. आईचा स्वतःचा इमिग्रंट व्हिसाचा अर्ज पिटिशन मंजूर झाल्यानंतर, डीएस-२६० भरताना सुरू होतो. पण प्रश्न 'तुम्ही भरलंय का' असा नाहीच. तो 'तुमच्या वतीने कोणी भरलंय का' असा आहे. उत्तर 'हो' हेच आहे आणि त्याला दुसरी बाजू नाही. शिवाय पिटिशन सरकारकडेच दाखल झालेलं असतं. काउंटरपलीकडच्या अधिकाऱ्याला ते दिसू शकतं. लपवायला जागाच नाही.

आम्ही 'हो' निवडलं आणि खालच्या चौकटीत दोन ओळी लिहिल्या : मुलीने, जी अमेरिकेची नागरिक आहे, अमुक साली आय-१३० दाखल केलं, ते अजून प्रलंबित आहे. फॉर्म सबमिट झालेला असता आणि चूक नंतर लक्षात आली असती, तर नवा फॉर्म भरून मुलाखतीच्या वेळी पहिल्या संधीला, अधिकाऱ्याने विचारायच्या आधी, चूक सांगून टाकायला हवी होती. अधिकाऱ्याने पकडल्यानंतर सांगितलेल्या दुरुस्तीला फारशी किंमत राहत नाही.

एवढं झाल्यावर मुलीशी व्हिडिओ कॉल झाला, आणि खरा गुंता तिथे उघडला. ती म्हणाली, "ताई, मी एच-वनबीवर होते तेव्हा माझी ग्रीन कार्डची फाइल चालूच होती. मी भारतात जात होते, येत होते, व्हिसाही पुन्हा मिळाला. कोणी काही विचारलं नाही. आईला काय अडचण आहे?"

हा गैरसमज मला आयटीतल्या जवळपास प्रत्येक घरात भेटतो, आणि तो स्वतःच्या अनुभवातून आलेला असल्यामुळे पटकन निघत नाही. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात कलम २१४(बी) आहे. ते म्हणतं की तात्पुरता व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायला निघाला आहे असंच धरून चालायचं; तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याचं समाधान होईल असं दाखवायचं. सिद्ध करायची जबाबदारी पूर्णपणे अर्जदाराची. एच-वनबी आणि एल या नोकरीच्या व्हिसांना मात्र या गृहीतकातून कायद्यानेच वगळलं आहे. त्या माणसाने एका हाताने नोकरी करावी, दुसऱ्या हाताने ग्रीन कार्ड मागावं, याला कायद्याची हरकत नाही. बीटूला ती सवलत नाही. बीटूच्या व्याख्येतच असं आहे की या माणसाचं परदेशात घर असावं आणि ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नसावा. मुलीच्या बाबतीत जे कधी विचारलंच गेलं नाही, आईच्या बाबतीत तोच मुख्य प्रश्न असणार होता.

शेजारच्या सोसायटीतल्या एका काकांनी आणखी एक सल्ला दिला होता. त्यांची सून स्पाउस स्पॉन्सरशिप चालू असताना व्हिजिटर व्हिसावर टोरांटोला गेली, "तेव्हा बिनधास्त भरा." ती गोष्ट कॅनडाची. कॅनडाच्या कायद्यात कलम २२(२) स्वच्छ सांगतं की कायमचं रहिवासी व्हायचा इरादा असला तरी माणूस तात्पुरता येऊ शकतो, मात्र मुदत संपल्यावर तो देश सोडेल याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला असं लेखी कलम नाही. कॅनडाचा अनुभव अमेरिकेच्या काउंटरवर नेऊ नये.

मग पिटिशन असताना बीटू मिळूच शकत नाही का? मिळू शकतो. पिटिशन प्रलंबित असणं हे नकाराचं आपोआप कारण होत नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळाने १९७५ साली हुसेनपूर या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सांगितलं होतं की पुढे कायद्याने संधी मिळाली तर इथे कायम राहावं ही इच्छा आणि आत्ताचा तात्पुरता दर्जा, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध असतीलच असं नाही. 'कधीतरी' आणि 'या खेपेला' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काकूंना 'कधीतरी अमेरिकेत राहायचं नाही' असं सिद्ध करायचं नव्हतं. ते खोटंच ठरलं असतं. त्यांना एवढंच दाखवायचं होतं की या खेपेला त्या परत येणार आहेत.

हे दाखवणं आईवडिलांना भावाबहिणींपेक्षा जड जातं. भावाने टाकलेलं पिटिशन असेल तर भारतीयांची रांग पंधरा वर्षांहून लांब आहे. असा माणूस व्हिजिटर म्हणून गेला तरी तिथे त्याला ते पिटिशन वापरता येत नाही, कारण नंबरच लागलेला नसतो. नागरिकाच्या आईवडिलांना मात्र रांगच नाही. त्यांच्यासाठी दरवर्षीची संख्येची मर्यादा नाही. आई कायदेशीररीत्या अमेरिकेत शिरली की तिथूनच आय-४८५ भरून ग्रीन कार्ड मागण्याचा रस्ता तांत्रिकदृष्ट्या उघडा असतो. अधिकाऱ्याला हे पाठ असतं. म्हणून त्याच्या मनातला प्रश्न 'यांचं भारतात घर आहे का' हा नसतोच. 'ज्यांना विमानातून उतरल्यावर तिथेच राहता येणं शक्य आहे त्या परत का येतील' हा असतो.

आणि कॉलवर मुलगी अगदी तेच बोलली. "ती एकदा आली की बघू ना. इथेच फाइल करता येतं म्हणतात सगळे. सारखं कुठे जा-ये करणार ती?"

मी तिला सांगितलं की घरात असं ठरलं असेल तर मी हा फॉर्म भरून देणार नाही. हे मी कोणाला घाबरवायला म्हणत नाही. काकूंनी काउंटरवर "परत येणार" म्हणायचं आणि मनात राहायचं ठरलेलं असायचं, तर ती महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून केलेली खोटी विधानं होतात. कलम २१२(ए)(६)(सी) खाली त्याची शिक्षा म्हणजे अमेरिकेत प्रवेशाला बंदी, आणि ती पाच-दहा वर्षांची नाही, कायमची. या बंदीतून माफी मागायची तरतूद आहे, पण ग्रीन कार्डसाठी ती माफी मागायला अर्जदाराचा नवरा किंवा बायको, नाहीतर आई किंवा वडील अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावे लागतात, आणि अर्जदाराला प्रवेश नाकारल्याने त्यांचे अतोनात हाल होतील असं दाखवावं लागतं. मुलगा-मुलगी त्यात मोजले जात नाहीत.

हे ऐकल्यावर मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या आईला नवरा नाही, आईवडील नाहीत. जिच्यामुळे ग्रीन कार्ड मिळायचं ती मुलगी माफीच्या हिशेबात धरलीच जात नाही. म्हणजे खोटं एकदा नोंदलं गेलं की विधवा आईला मागे फिरायला रस्ताच उरत नाही. कोथरूड-कर्वेनगरच्या घराघरांतून "जा आणि तिथेच फाइल कर" हा सल्ला दिला जातो, पण हा भाग कोणाला माहीत नसतो. माझा सगळा जीव याच मुद्द्यात अडकलेला असतो, कारण नुकसान होतं ते सल्ला देणाऱ्याचं नाही, चौसष्ट वर्षांच्या बाईचं होतं.

याच्या उलट, खरं सांगून व्हिसा नाकारला गेला तर काय होतं? २१४(बी) खाली नकार मिळतो. १८५ डॉलरची फी जाते. अपील नाही, पण पुन्हा अर्ज करायला बंदीही नाही. आणि ग्रीन कार्डच्या प्रकरणाला त्या नकाराने काही धक्का लागत नाही, कारण इमिग्रंट व्हिसा मागताना कायम राहायचा इरादा असणं हीच अपेक्षा असते. मुलीला हे दोन्ही हिशेब शेजारी ठेवून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "ठीक आहे. खरंच सांगू दे तिला."

काकूंनीही स्पष्ट केलं की त्यांना आत्ता तिकडे राहायचंच नाही. नात इथे आहे, घर इथे आहे. पुढचं पुढे.

फेब्रुवारीत मुंबईला बीकेसीत मुलाखत झाली. काकूंनी मराठीत बोलायचं ठरवलं होतं. तिथे काय झालं ते त्यांनी बाहेर आल्यावर मला शब्दशः सांगितलं.

"अमेरिकेला कशासाठी चाललात?"

"मुलीचं बाळंतपण आहे, मे महिन्यात."

"किती दिवस राहणार?"

"सहा महिने."

"सहा महिने का?"

"मुलगी म्हणाली सहा महिने मिळतात."

"मुलीने तुमच्यासाठी पिटिशन भरलं आहे?"

"हो."

"मग तुम्ही परत का याल?"

"माझा इथे फ्लॅट आहे. पेन्शन आहे."

अधिकाऱ्याने पासपोर्ट परत केला आणि सोबत २१४(बी) चा छापील कागद. फाइलमधला फ्लॅटचा करारनामा, बँकेची पत्रं, फोटो, काहीच बघितलं नाही. लोकांना याचा राग येतो. पण हे काउंटर दोन-तीन मिनिटांचं असतं आणि अधिकारी मुख्यतः डीएस-१६० वाचतो. कागदांचा गठ्ठा हा क्वचित मागितला तर दाखवायचा आधार असतो. जे पटवायचं ते फॉर्ममध्ये आणि तोंडात असावं लागतं.

काकू खोटं काहीच बोलल्या नव्हत्या. तरी नकार का आला? माझ्या मते दोन उत्तरांनी. पहिलं म्हणजे सहा महिने. फॉर्मवर सहा महिने लिहिण्याचा आग्रह मुलीचा होता. मी कमी करायला सुचवलं होतं, पण बाळंतपण म्हटलं की घराला सहा महिनेही कमी वाटतात. अधिकाऱ्याच्या नजरेतून बघितलं तर पिटिशन भरलेली आई, सहा महिने, त्यात मुदतीचं कारण 'तेवढे मिळतात म्हणून'. विमानतळावर व्हिजिटरला साधारण सहा महिने मिळतात हे खरं आहे, पण ती जास्तीत जास्त मुभा झाली. आपला बेत नव्हे. ज्याला आपला बेत सांगता येत नाही त्याचा बेत दुसरंच कोणीतरी ठरवतंय असं वाटतं. शिवाय तान्ह्या बाळाचं सगळं सहा महिने करायचं म्हटलं की ही भेट आहे की घरातली पूर्ण वेळची मदत, हाही प्रश्न उभा राहतो.

दुसरं उत्तर फ्लॅटचं. फ्लॅट आणि पेन्शन ही बांधिलकी आहे, पण ती या प्रश्नाला लागू पडत नाही. कुलूप लावून फ्लॅट ठेवता येतो. पेन्शन खात्यात जमा होत राहते. काही जण नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याचं कारण सांगतात; तो दाखलाही आता परदेशात राहून देता येतो. अधिकाऱ्याने विचारलं होतं 'परत का याल', आणि काकूंनी सांगितलं ते 'इथे माझं काय आहे'. घर असणं आणि ठरलेल्या तारखेला घरी यावं लागणं, यात फरक आहे. काकूंकडे दुसऱ्या प्रकारचं कारणही होतं. ते त्यांच्या तोंडून आलंच नाही.

मे महिन्यात मुलीला मुलगा झाला. बाळंतपणाला जावयाच्या आई गेल्या. बारसं काकूंनी कोथरूडमधून फोनच्या पडद्यावर बघितलं. त्या काळात त्यांना खूप वाईट वाटलं आणि मलाही. पण पुन्हा लगेच अर्ज करू नका असं मी सांगितलं. परिस्थितीत काहीच बदल नसताना तोच फॉर्म दुसऱ्या खिडकीवर दिला तर सहसा तेच उत्तर मिळतं, आणि नकारांची संख्या तेवढी वाढते.

बदल नंतर आपोआप झाले. जावयाच्या आई परत आल्या, बाळ पाळणाघरात जायला लागलं, म्हणजे 'आई मदतीला लागणार' हा भाग संपला. इकडे पुण्यात सुनेची बँकेतली बदली लांबच्या शाखेत झाली. नातीला शाळेच्या बसमधून उतरवून घेणं, खाऊ घालणं, संध्याकाळपर्यंत सांभाळणं हे सगळं काकूंवर आलं. काकू रोज दुपारी सिंहगड रस्त्याला जायच्या. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणजे त्याआधी काकू पुण्यात हव्यात. नाहीतर सुनेला रजा घ्यावी लागणार. हे कोणी व्हिसासाठी रचलेलं नव्हतं. घर तसंच चाललं होतं.

दुसऱ्या वेळी आम्ही फॉर्म याच खऱ्या गोष्टींभोवती भरला. कारण : नातवाचा पहिला वाढदिवस, मे महिन्यात. मुदत : सात आठवडे, एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. खर्च : येण्याजाण्याचं तिकीट काकू स्वतःच्या पेन्शनीतून काढणार, राहणं मुलीकडे. पिटिशनच्या प्रश्नावर पुन्हा 'हो'. पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का, यावरही 'हो', कुठे आणि कोणत्या कलमाखाली ते लिहून.

दोन कागद मात्र मी मुद्दाम वर ठेवायला लावले. एक म्हणजे आधीच्या प्रवासांचा. काकू २०१४ आणि २०१९ साली अमेरिकेला जाऊन आल्या होत्या, दोन्ही वेळा मुदतीच्या खूप आधी परतल्या. अमेरिकेत कोणत्या दिवशी शिरलो आणि कोणत्या दिवशी निघालो याच्या नोंदी i94.cbp.dhs.gov या सरकारी साइटवर बघता येतात. त्या न मिळाल्या तर मुंबई विमानतळाचे पासपोर्टवरचे शिक्के असतातच. दोनदा दिलेलं वचन पाळलेलं असणं हा तिसऱ्या वचनाचा सगळ्यात चांगला पुरावा.

दुसरा कागद फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. मुलीने भरलेल्या आय-१३० फॉर्ममध्येच एक जागा असते : ज्यांच्यासाठी पिटिशन आहे ते अमेरिकेत राहून दर्जा बदलून घेणार, की परदेशातल्या वकिलातीत इमिग्रंट व्हिसा घेणार? मुलीने तिथे शहर म्हणून मुंबई लिहिलं होतं. बाळाची चाहूलही नव्हती तेव्हा, कुठलाही व्हिजिटर व्हिसा मनात नव्हता तेव्हा लिहिलेलं ते एका शब्दाचं उत्तर आमच्या बाजूने बोलत होतं. घराचा बेत पहिल्यापासून मुंबईतूनच ग्रीन कार्डचं काम पुरं करण्याचा आहे, हे त्यातून दिसतं. पिटिशन भरताना ही जागा नुसती औपचारिकता समजू नये, जे खरंच ठरलंय तेच लिहावं. तिथे अमेरिकेतलं शहर लिहिलेलं असेल तर व्हिजिटर व्हिसाच्या काउंटरवर ते विरुद्ध जाऊ शकतं.

मी काकूंना उत्तरं पाठ करून दिली नाहीत. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला कोसळतं. फक्त एक काम दिलं : "तुम्ही जूनमध्ये परत नाही आलात तर कोणाचं काय अडेल, हे मला सांगा." त्या पाच मिनिटं सुनेची बदली आणि बसचा थांबा सांगत राहिल्या. मी म्हटलं, हेच.

काउंटरवर या वेळी बाई होत्या. त्यांनी आधीच्या नकाराची नोंद बघितली आणि सरळ विचारलं, "गेल्या वर्षी नाकारलं होतं. आता काय बदललं?"

काकू म्हणाल्या, "तेव्हा मी सहा महिन्यांसाठी चालले होते. आता नातवाच्या वाढदिवसाला सात आठवडे चालले आहे. जूनमध्ये माझ्या मुलाच्या मुलीची शाळा सुरू होते. तिला बसमधून मीच उतरवते. तिची आई संध्याकाळी सातला घरी येते."

"मुलीने पिटिशन भरलंय. तुम्ही तिथेच राहायचं ठरवलंत तर?"

"ती फाइल मुंबईला यायची आहे. माझा नंबर आला की मी इथेच येऊन व्हिसा घेईन. आत्ता मी परत येणार आहे. याआधी दोनदा आले आहे."

अधिकारी बाईंनी पडद्यावर काहीतरी वाचलं, आय-१३० ची प्रत आहे का विचारलं, शहराच्या नावावर नजर टाकली आणि पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा मंजूर झाला.

इतक्या नीट तयारीनेही नकार येऊ शकला असता, हे मी काकूंना आधीच सांगितलं होतं आणि इथेही सांगते. २१४(बी) मध्ये समाधान अधिकाऱ्याचं व्हायचं असतं. दुसऱ्या खिडकीवरच्या माणसाला 'रांग नसलेली आई' हीच गोष्ट जड वाटली असती आणि त्याने नकार दिला असता, तर त्यावर दाद मागायला जागा नव्हती. ज्या घरात इकडे मुलगा-नात नाहीत, सगळी मुलं तिकडेच आहेत, फ्लॅट विकायला काढलेला आहे, तिथे मी स्पष्ट सांगते की बीटूच्या मागे लागू नका, पिटिशन पुरं होईपर्यंत थांबा. मुलांनीच इकडे यावं.

व्हिसा म्हणजे आत जायचा हक्क नव्हे, दारापर्यंत जायची परवानगी. २१४(बी) चं तेच गृहीतक विमानतळावरच्या अधिकाऱ्यालाही लागू असतं. त्याला फोन तपासायचाही अधिकार आहे, आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आई आली की इथेच फाइल करू" असा एक जुना मेसेज सापडला तर माणसाला तिथूनच परत पाठवलं जाऊ शकतं, वर पाच वर्षांची बंदी. मेसेज पुसून टाकणं हा यावरचा उपाय नाही. तसा बेतच नसणं हा उपाय. नेवार्कला काकूंना पिटिशनबद्दल पुन्हा विचारलं. त्यांनी तेच सांगितलं, परतीचं तिकीट दाखवलं, आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर सहा महिन्यांची तारीख मिळाली.

तिथे राहत असतानाच आय-१३० मंजूर झाल्याचं पत्र आलं. आणि अर्थातच वाढदिवसाला जमलेल्या मराठी मंडळींपैकी दोघातिघांनी सांगितलं की आता परत जाण्यात काय अर्थ, इथेच आय-४८५ भरून टाका. मुलीने मला मेसेज केला. खरं तर आत गेल्यावर मत बदलणं हा गुन्हा नाही. परिस्थिती बदलू शकते हे कायद्यालाही मान्य आहे. पण परराष्ट्र खात्याचा ९० दिवसांचा नियम आहे. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत व्हिजिटर म्हणून सांगितलेल्या गोष्टीशी विसंगत असं काही केलं, तर काउंटरवर खोटं सांगितलं असावं असं गृहीत धरता येतं. इमिग्रेशन खातं या नियमाने बांधलेलं नाही, तरी त्याचे अधिकारीही तारखा बघतातच. काकूंची सगळी भेट सात आठवड्यांची, म्हणजे पूर्ण मुक्काम या ९० दिवसांच्या आतला. "मी जूनमध्ये येईन" असं सांगून मे महिन्यात तिथेच अर्ज करायचा, तर 'बदललं काय' याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. शिवाय आय-४८५ भरल्यावर आगाऊ प्रवास परवाना न घेता काकू पुण्याला आल्या असत्या तर तो अर्ज सोडून दिला असंच धरलं गेलं असतं, आणि सून इथे जूनची वाट बघत होती.

काकू ठरल्या तारखेला परत आल्या.

आता फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे आहे. मुलीने आर्थिक जबाबदारीचं प्रतिज्ञापत्र भरलं आहे. काकूंच्या जन्माची नोंद सापडत नाही, म्हणून महापालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि सोबत नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं असं चाललं आहे. पोलिस क्लिअरन्ससाठी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख घेतली आहे. डीएस-२६० फॉर्म काकू आणि मुलाने मिळून भरला. त्यात अमेरिकेचा व्हिसा कधी नाकारला गेला का, हा प्रश्न पुन्हा आला, आणि मुलाने मला फोन करून विचारलं, आता ग्रीन कार्डच्या फॉर्ममध्ये ते लिहायलाच हवं का. लिहायलाच हवं, म्हटलं : 'हो', त्या फेब्रुवारीची तारीख, मुंबई, कलम २१४(बी), आणि पुढच्या वर्षी तोच व्हिसा मिळाला.